रोख, उधार आणि आगाऊ : एका घराच्या दुधाचा हिशेब

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी व्यापाऱ्यांच्या, कारखानदारांच्या आणि संस्थांच्या कितीतरी ताळेबंदांवरून नजर फिरवली. परंतु स्वतःच्या घरातील दुधाचा हिशेब मी निवृत्तीनंतर चार वर्षांनी पहिल्यांदा मांडला. तोही स्वखुशीने नव्हे. गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी या विषयावर सौम्य स्वरूपाचा का होईना, पण वाद झाला. बावीस वर्षे आमच्याकडे रतीब घालणाऱ्या गवळ्याचे दूध बंद करावे आणि मोबाईलवरील अॅपवरून दूध मागवावे, असे चिरंजीवांचे म्हणणे होते. "मम्मीचे गुडघे दुखतात. रोज सव्वासहाला उठून दार उघडायचे, पातेले धरायचे, हे आता कशासाठी?" असा त्याचा प्रश्न होता. सूनबाईंचे मत पिशवीच्या दुधाच्या बाजूने पडले. सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. मी म्हणालो, "तिन्ही प्रकारचे दूध तीस-तीस दिवस घेऊन पाहू. आकडे जे सांगतील ते करू."

आम्ही पुण्यात बिबवेवाडीला राहतो. घरात आम्ही दोघे, मुलगा, सून आणि नातू अशी पाच माणसे. दूध रोज दोन लिटर. म्हणजे तीस दिवसांचे साठ लिटर झाले. तुलना न्याय्य व्हावी म्हणून एक पथ्य पाळले. तिन्ही वेळा म्हशीचे किंवा त्याच्या तोडीचे, सहा टक्के स्निग्धांशाचे दूध घ्यायचे. हे पथ्य महत्त्वाचे आहे, कारण पिशवीचे दूध स्वस्त पडते असे सांगणारी पुष्कळ मंडळी टोन्ड दुधाचा भाव सांगत असतात. टोन्ड दुधात स्निग्धांश तीन टक्के असतो, फुल क्रीममध्ये सहा टक्के. पिशवीवर ते छापलेले असते. तीन टक्क्यांच्या दुधाची सहा टक्क्यांच्या दुधाशी तुलना करणे म्हणजे सूत आणि रेशीम एकाच तागडीत तोलण्यासारखे आहे.

पहिला महिना गवळ्याच्या सुट्या दुधाचा होता. भाव लिटरला ८० रुपये. दुसरा महिना फुल क्रीम पिशवीचा. भाव ७२ रुपये, आणि पिशव्या दारात टाकणाऱ्या मुलाचे दिवसाला ५ रुपये वेगळे. तिसरा महिना अॅपचा. भाव ८६ रुपये आणि दिवसाला ३ रुपये पोहोचवणावळ. हे आमच्या भागातील त्या महिन्यांचे भाव आहेत. आपल्या गावी ते वेगळे असतील. पण हिशेबाची रीत तीच राहील.

वरवर पाहिले तर निकाल सरळ होता. सुटे दूध ४८०० रुपये, पिशवी ४४७० रुपये, अॅप ५२५० रुपये. पिशवी सर्वांत स्वस्त, अॅप सर्वांत महाग. सूनबाई जिंकल्या असेच आम्ही सारे धरून चाललो होतो. तेवढ्यात सौभाग्यवतींनी विचारले, "आणि तूप कुठे धरलेत तुम्ही?"

प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या घरी दूध तापवून थंड झाले की साय काढून ठेवतात. आठवड्याची साय साठली की तिला विरजण लावायचे, घुसळून लोणी काढायचे आणि ते कढवायचे. हे तूप दुधाच्या बिलातूनच येते. मग ते जमेच्या बाजूला नको का? सुदैवाने तिन्ही महिन्यांत त्यांनी तुपाची बरणी वजन करून ठेवली होती. सुट्या दुधाच्या महिन्यात १ किलो ४०० ग्रॅम तूप निघाले, पिशवीच्या महिन्यात ६०० ग्रॅम आणि अॅपच्या दुधातून ९०० ग्रॅम.

स्निग्धांश सारखा असूनही पिशवीच्या दुधातून तूप इतके कमी का, हे मला प्रथम उमगेना. पिशवी पुन्हा वाचली तेव्हा 'होमोजिनाइज्ड' हा शब्द दिसला. या प्रक्रियेत दुधातील स्निग्धांशाचे कण दाबाखाली इतके बारीक केले जातात की ते वर तरंगून येत नाहीत. दुधातच मिसळून राहतात. म्हणजे तूप चोरीला गेलेले नसते, ते दुधाबरोबर आपल्या पोटात जाते. पण बरणीत उतरत नाही. ज्या घरात साय काढली जात नाही, तेथे याने काहीच बिघडत नाही. आमच्या घरात मात्र बिघडते.

बाजारात त्या वेळी चांगल्या तुपाचा भाव किलोला ६४० रुपये होता. त्या भावाने सुट्या दुधाच्या तुपाचे ८९६ रुपये, पिशवीच्या ३८४ आणि अॅपच्या ५७६ रुपये झाले. बिलातून ते वजा केले, तेव्हा सुट्या दुधाचा निव्वळ खर्च ३९०४ रुपये, पिशवीचा ४०८६ रुपये आणि अॅपचा ४६७४ रुपये निघाला. पहिला क्रमांक बदलला. सर्वांत स्वस्त वाटणारी पिशवी सुट्या दुधापेक्षा १८२ रुपयांनी महाग ठरली.

आता या १८२ रुपयांविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण ते फार नाजूक रुपये आहेत.

सुट्या दुधाच्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी मी एक गोष्ट केली होती. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रिकामे पातेले ठेवून आकडा शून्यावर आणला आणि गवळ्याने ओतलेले दूध तोलले. एक लिटर दूध पाण्यापेक्षा किंचित जड, म्हणजे सुमारे १ किलो ३० ग्रॅम भरते. दोन लिटरचे २०६० ग्रॅम व्हायला हवे होते. भरले १९६० ग्रॅम. दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढेच. शंभर ग्रॅम म्हणजे साधारण ९७ मिलिलिटरची तूट. एका दिवसाला ती क्षुल्लक आहे. पण तीस दिवसांचे जवळजवळ तीन लिटर, म्हणजे सुमारे २३० रुपये. जे १८२ रुपये सुट्या दुधाच्या बाजूने उभे होते, ते या तुटीत बुडून वर आणखी पन्नास रुपये जाणार होते.

सांगायला संकोच वाटतो, पण मला राग आला. बावीस वर्षे ज्याच्या हातचे दूध आमची मुले प्यायली, त्याने असे करावे? तिसऱ्या दिवशी मी स्वतः दार उघडले. सौभाग्यवतींनी मात्र आदल्या रात्रीच बजावले होते, "त्याला चोर म्हणू नका. आधी बघा काय होते ते." म्हणून मी नुसते पाहिले. तो चरवीत माप बुडवी, फेसासह भरभरून काढी आणि फेस मापाच्या काठावर असतानाच पातेल्यात ओती. वरून भरल्यासारखे दिसणाऱ्या मापात वरचा थर फेसाचाच होता. शिवाय मापाचा तळ आत दबलेला होता. मी त्याला घरात बोलावले, चहा दिला आणि काटा दाखवला. त्याचा चेहरा उतरला. "साहेब, हे माप वडिलांच्या हातचे आहे. कधी पाहिलेच नाही," तो म्हणाला. त्याचे सगळेच खरे असेल असे नाही, सगळेच खोटे असेल असेही नाही. चार दिवसांनी तो वैधमापन खात्याचा शिक्का असलेले नवे माप घेऊन आला. तेव्हापासून माप भरल्यावर फेस बसेपर्यंत तो थांबतो, आणि दोन लिटर २०५० ग्रॅमच्या खाली आलेले नाही. वर मांडलेला हिशेब या दुरुस्तीनंतरच्या तीस दिवसांचा आहे. तो महिना आम्ही तेव्हापासून नव्याने मोजला.

वजनाने मापातील तूट कळते, पाणी कळत नाही. पाण्यासाठी बरीच मंडळी दुधात लॅक्टोमीटर सोडतात. पाणी घातले की त्याचा आकडा खाली येतो, हे खरे आहे. परंतु साय काढून घेतली की दूध जड होते आणि आकडा वर जातो. म्हणजे ज्याने आधी साय काढली आणि मग पाणी घातले, त्याचे दूध लॅक्टोमीटरवर निर्दोष ठरू शकते. लबाडीला दोन हात असले की एक हात दुसऱ्याचा पुरावा पुसतो, हे बँकेतही मी पाहिले आहे. यावर आमच्या घरातला उपाय साधा आहे. रीत न बदलता दर महिन्याला तुपाचे वजन लिहून ठेवायचे. साय आणि पाणी या दोन्ही गोष्टींचा हिशेब बरणीत उतरतो. चौदाशे ग्रॅमवरून तूप एकाएकी हजारावर आले, तर गवळ्याला विचारायची वेळ झाली असे समजावे. मात्र थोडाफार चढउतार ऋतूचा असतो. उन्हाळ्यात म्हशींचे दूध आटते आणि मागणी वाढते. पाण्याचा मोहही त्याच दिवसांत वाढतो. आमचे तिन्ही महिने थंडीतले होते, ही या प्रयोगाची मर्यादा आहे.

आणखी एक भेद विसरून चालणार नाही. पिशवीचे दूध पाश्चरीकरण करून, म्हणजे ठरावीक तापमानाला तापवून लगेच थंड करून आलेले असते. गवळ्याचे दूध कच्चे असते. ते आल्याबरोबर चांगली उकळी येईपर्यंत तापवलेच पाहिजे. त्यातून होणारे आजार खरे आहेत. दूध घेऊन ठेवले आणि तासाभराने तापवले, असे करणाऱ्या घराने सुटे दूध घेऊ नये.

आता अॅपकडे वळतो. त्याची सोय मी मनापासून मान्य करतो. पहाटे साडेपाचला पिशवी दाराच्या कडीला अडकवलेली असते. कोणी उठायचे नाही, सुट्या पैशांची कटकट नाही, खाड्यांच्या खुणा दिनदर्शिकेवर करायच्या नाहीत. गावाला जायचे असेल तर मोबाईलवर तारखा बदलल्या की झाले. तिन्ही महिन्यांत सौभाग्यवतींना सकाळची सर्वांत जास्त झोप अॅपच्या महिन्यात मिळाली. तिचे मोल मी रुपयांत मांडू शकलो नाही.

एका रविवारी मात्र दूध आलेच नाही. त्या दिवशी माझ्या साडूंचे कुटुंब सकाळीच येणार होते. चौकशी केल्यावर कळले की अॅपच्या पाकिटात १४० रुपये शिल्लक होते आणि दिवसाची मागणी १७५ रुपयांची होती. शिल्लक कमी पडल्याचा संदेश रात्री अकराला आला. तेव्हा घर झोपलेले, आणि बदल करण्याची मुदत दहालाच संपलेली. चूक नियमाप्रमाणे आमचीच ठरली. त्याच क्षणी माझ्यातल्या जुन्या बँकवाल्याला तिन्ही पद्धतींतला खरा फरक दिसला. पिशवी रोखीची आहे, गवळी उधारीचा आहे आणि अॅप आगाऊ रकमेचे आहे.

व्याजाच्या दृष्टीने यात काही नाही. गवळ्याचे पैसे महिना संपल्यावर देतो. सरासरी २४०० रुपये महिनाभर आपल्याकडे राहतात. सात टक्क्यांनी त्याचे व्याज चौदा रुपये होते. अॅपमध्ये २००० रुपये भरले आणि ते संपत आले की पुन्हा भरले, तर सरासरी हजार रुपये तिकडे पडून राहतात. त्यावर सहा रुपये बुडाले. एवढ्यासाठी कोणी पद्धत बदलणार नाही.

खरा प्रश्न तक्रारीच्या वेळी पैसा कोणाच्या हाती आहे, हा आहे. गवळ्याचे दूध नासले तर महिनाअखेरीस मी तेवढे कापून देतो. तो थोडा कुरकुरतो आणि विषय संपतो. पिशवी फुटकी निघाली तर दुकानदार समोरच बदलून देतो. अॅपमध्ये पैसे आधीच गेलेले असतात. आपण फोटो पाठवायचा, वाट पाहायची, आणि परतफेड मिळालीच तर ती पुन्हा त्याच पाकिटात जमा होते. अशा एकाच विक्रेत्यापुरत्या पाकिटातील रक्कम सहसा रोखीने काढता येत नाही, आणि असे पाकीट चालवायला रिझर्व्ह बँकेची परवानगीही लागत नाही. ती बँकेतील ठेव नाही आणि तिला ठेवीसारखे विम्याचे संरक्षण नाही. म्हणून घरात नियम केला की पाकिटात एका वेळी ५०० रुपयांहून जास्त भरायचे नाहीत आणि खात्यातून आपोआप रक्कम भरली जाण्याची सोय बंद ठेवायची. व्यापारी घरांतील वाचकांना हे अधिक फोड करून सांगायला नको. माल हाती येण्यापूर्वी पूर्ण रक्कम देणारा ग्राहक किती वजन राखून बोलू शकतो, हे आपण जाणता.

असा सगळा हिशेब मांडून मी घरात वाचून दाखवला. सुटे दूध निव्वळ खर्चात पहिले. माप दुरुस्त झालेले. पैसा आपल्या हाती. निष्कर्ष स्पष्ट होता. सौभाग्यवती ऐकून घेऊन म्हणाल्या, "तुमची बेरीज बरोबर आहे. पण ते ८९६ रुपये जमेला धरलेत, त्यासाठी महिन्यातून चार वेळा मी ओट्याशी उभी राहते. सव्वा-सव्वा तास. ती मजुरी खर्चाच्या बाजूला कुठे आहे?"

मी वहीकडे पाहिले. ती नोंद खरोखरच नव्हती. चार वेळा सव्वा तास म्हणजे पाच तास. पिशवीच्या महिन्यात दोनदाच घुसळले होते, म्हणजे अडीच तास. ज्या १८२ रुपयांच्या जोरावर मी निकाल देत होतो, त्यांच्या पाठीशी दुखऱ्या गुडघ्यांवर आणखी अडीच तास उभे राहणे होते. इतरांच्या ताळेबंदात न दाखवलेली देणी शोधण्यात माझी नोकरी गेली. घरच्या ताळेबंदातले हे देणे मला छत्तीस वर्षांत दिसले नव्हते.

तोडगाही त्यांनीच सुचवला. गवळ्याकडून एक लिटर घ्यायचे, दही-तूप त्याचेच. उरलेले लिटर पिशवीचे, चहा-कॉफीला आणि नातवाला. त्याची साय काढायची नाही. घुसळणे महिन्यातून दोनदाच. पिशवी मी पहाटे फिरून येताना आणतो, म्हणून त्यावर पोहोचवणावळ नाही. गवळ्यासाठी दारही आता मीच उघडतो. खर्च असा होतो : सुट्या दुधाचे २४०० रुपये, त्यातून ७०० ग्रॅम तुपाचे ४४८ वजा जाता १९५२, पिशवीचे २१६०, एकूण ४११२ रुपये. सर्वांत स्वस्त पर्यायापेक्षा हे २०८ रुपयांनी जास्त आहे, आणि ते मी आनंदाने देतो.

या व्यवस्थेची परीक्षा चैत्रातील ओळीत झाली. सासू-सुना दोघींचेही नऊ दिवस आयंबिल. त्यांना दूध, दही, तूप सगळेच वर्ज्य. घरची गरज दोन लिटरवरून एकावर आली. एरवी अशा वेळी गवळ्याला "उद्यापासून कमी" असे सांगणे अवघड जाई. त्याने आपल्या गिऱ्हाइकांच्या बेताने दूध आणलेले असते, आमचे उरलेले दूध त्याने कोणाला द्यायचे? यंदा मी फक्त पिशवी आणणे थांबवले. त्याचा रतीब तसाच चालू राहिला. पारण्याच्या दिवशी तीन लिटरच्या पिशव्या जास्त आणल्या.

ज्या घरात तूप कढवले जात नाही, त्यांनी पिशवी घ्यावी. हिशेब तेच सांगतो. ज्या घरात पहाटे दार उघडायला कोणी नाही आणि दुकान बंद करून रात्री उशिरा परतणे होते, त्यांना अॅपचे वाढीव पैसे जड वाटू नयेत. फक्त पाकिटातली रक्कम आवरून धरावी. आणि ज्यांच्याकडे गवळी येतो, त्यांनी एकदा काट्यावर पातेले ठेवून पाहावे. पण त्याला चहा दिल्यानंतर.